ओपन कोडिंग झालं, आता कॅटेगरी कशी उभी करायची? एमएचा ग्राउंडेड थिअरी प्रकल्प

अनघा_एमए

समाजशास्त्राच्या एमएचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध करतेय. पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली घरच्यांशी काय बोलतात आणि काय बोलत नाहीत, असा विषय आहे. पद्धत ग्राउंडेड थिअरी, म्हणजे सिद्धांत आधी न धरता मुलाखतींतूनच उभा करायचा. नऊ मुलाखती झाल्या, सगळ्या शब्दशः उतरवल्या आणि ओळीओळीने ओपन कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक ओळीला एक छोटं नाव दिलं. तीनशेच्या वर कोड आहेत. ते एक्सेलमध्ये गटांत लावले: घरचा दबाव, पैसा, लग्न, ताण, अभ्यासिका, अपयश.

गाइडनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "ही अनुक्रमणिका झाली. सिद्धांत कुठे आहे? मेमो दाखव." मेमो आहेत माझ्याकडे, पण ते प्रत्येक मुलाखतीचा गोषवारा आहेत. मॅडमचं म्हणणं असं की कॅटेगरी मेमोमध्ये तयार होते, कोडच्या यादीत नाही. हे वाक्य पटतं, पण प्रत्यक्षात करायचं काय ते कळत नाही. पुस्तकांत एका पानावर कोड दिसतात आणि पुढच्या पानावर तयार कॅटेगरी. मधलं कोणी दाखवत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी ते मधलं सांगाल का?

आकडेमोड

नऊ ही संख्या फारच कमी आहे. अभ्यासिकांमध्ये प्रश्नावली वाटून शंभर तरी उत्तरं मिळवा. ताणाची पाच गुणांची श्रेणी ठेवा, मुलगे आणि मुली असे गट करून काय-स्क्वेअर लावा. परीक्षकांसमोर आकडे असले की बोलायला जागा राहते.

अनघा_एमए

धन्यवाद, पण किती जणांना ताण आहे हा माझा प्रश्नच नाही. घरच्यांशी बोलताना ही मुलं नेमकं काय करतात आणि ते कधी बदलतं, हे शोधायचंय. प्रश्नावलीत पर्याय मला आधीच लिहावे लागतील, आणि ते पर्याय कोणते हेच अजून माहीत नाही.

पेठेतला_वाचक

माझा एमफिल याच पद्धतीने झाला. दोन गोष्टी सांगतो. एक, बारा मुलाखतींत सॅच्युरेशन येतं, म्हणजे नवं काही निघणं थांबतं, असं संशोधन आहे; म्हणजे तुम्हाला आणखी तीनच हव्यात. दोन, ओपन कोडिंगनंतर अ‍ॅक्सियल कोडिंग करायचं असतं. एक तक्ता करा: कारणं, संदर्भ, कृती, परिणाम. प्रत्येक कोड योग्य चौकटीत टाका. मध्यभागी सगळ्यांना जोडणारी कोअर कॅटेगरी ठेवा. तुमच्या विषयात ती "ताण" असेल असं दिसतंय.

विद्युल्लता

अनघा, तक्त्याकडे जाण्याआधी कच्चा माल बघू. वेगवेगळ्या मुलाखतींतली पाचसहा वाक्यं आणि त्यांना तू दिलेले कोड इथे टाक. ओळख पटेल असं काही नको: गाव, आडनाव, क्लासचं नाव काढून टाक. आणि इथे टाकायला तुझ्या संमतीपत्रात जागा आहे का तेही बघ.

अनघा_एमए

ताई, "ओळख लपवून अभ्यासकांशी चर्चा" असं कलम संमतीपत्रात आहे. तरी मॅडमना विचारून मगच टाकतेय. तपशील बदललेत.

क: "घरी सांगितलंय, ही शेवटची. मागच्या वेळीही शेवटचीच म्हणालो होतो." कोड: घरचा दबाव

ख: "गावी रात्रीच्या एसटीने जातो नि पहाटेच्या एसटीने परत. पारावर बसत नाही." कोड: न्यूनगंड

ग: "वडील आता विचारतच नाहीत. आई म्हणते जेवलास का. तेवढंच." कोड: संवादाचा अभाव

घ: "निकाल लागला की आठवडाभर फोन बंद. मग मीच करतो, पुढची जाहिरात आली म्हणून सांगतो." कोड: निराशा

च: "चुलतभावाच्या लग्नाला गेले नाही. पूर्व परीक्षा आहे म्हटलं. परीक्षा दोन महिन्यांवर होती." कोड: सामाजिक जीवनाचा त्याग

छ: "मी एका ठिकाणी पेपर तपासतो, त्याचे पैसे घरी पाठवतो. त्यामुळे कोणी काही विचारत नाही." कोड: आर्थिक ताण

विद्युल्लता

मुलाखती फार चांगल्या आहेत, लोक तुझ्याशी मोकळे बोललेत. आता कोड बघ. "न्यूनगंड", "निराशा", "संवादाचा अभाव" हे सगळे निष्कर्ष आहेत, आणि ते तुझ्याकडे मुलाखतीच्या आधीपासून होते. ख ने न्यूनगंड हा शब्द काढला नाही. त्याने सांगितलं की तो कोणत्या वेळच्या गाडीने जातो. माणूस त्या वाक्यात काय करतोय ते लिही, शक्यतो क्रियापदात, आणि वाक्याच्या इतकं जवळ राहा की दुसऱ्या कोणी नुसता कोड वाचला तरी घटना डोळ्यासमोर यावी.

मी असे लावले असते. क: शेवटची म्हणून मुदत मागणे. ख: दिसण्याची वेळ निवडणे. ग: न विचारलं जाणं सांगणे. घ: पुढची जाहिरात हातात घेऊन बोलायला जाणे. च: परीक्षेची तारीख जवळ आणून दाखवणे. छ: पैसे पाठवून प्रश्न थांबवणे.

एवढं केल्यावर तुझे गट आपोआप मोडतात. छ ला तू "पैसा" खाली ठेवलं होतंस, च ला "लग्न" खाली, घ ला "अपयश" खाली. आता तिघे शेजारी ठेव आणि विचार: तिघे एकच काम वेगवेगळ्या साधनांनी करतायत का?

हा प्रश्न डोक्यात आला की कोडिंग थांबवायचं आणि मेमो लिहायचा. संध्याकाळी नाही, तेव्हाच. वर तारीख घाल, कोणत्या घटनांवरून सुचलं ते घाल, आणि मग तुलना लिही. मेमो मुलाखतीचा नसतो, एका कल्पनेचा असतो. त्यात तीनचार मुलाखतींतल्या घटना एकमेकींसमोर उभ्या राहायला हव्यात. एकाच माणसाचं वर्णन चाललं असेल तर समज की गोषवारा लिहिला जातोय. भाषा घरच्यासारखी चालेल, वाक्यं अर्धी राहिली तरी चालतील, इंग्रजी प्रबंधाची चिंता तिथे नको. लिहून इथे टाक, मग पुढे बोलू.

नर्सताई

मध्येच घुसतेय. मी नर्सिंगमध्ये पीएचडी करते, डायलिसिसच्या रुग्णांच्या नातेवाइकांवर. माझी कॅटेगरी "कुटुंबाचा आधार" अशी आलीय आणि समितीला ती फार सपाट वाटते. भावनिक आधार, आर्थिक आधार, शारीरिक आधार असे उपगट आहेत. माझंही अनुक्रमणिकेसारखंच झालंय का?

विद्युल्लता

हो ताई, तसंच दिसतंय. तुमच्या क्षेत्रातलंच उदाहरण देते, कारण ही पद्धत जन्मलीच रुग्णालयात. ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या रुग्णालयांमध्ये मरणासन्न रुग्णांच्या आसपासचा व्यवहार पाहिला आणि १९६५ साली त्यावर पुस्तक काढलं. पद्धतीवरचं पुस्तक त्यानंतर, १९६७ मध्ये आलं. त्यांना "संवाद", "भावना", "कर्मचाऱ्यांची वागणूक" असे गट करता आले असते. त्यांनी विचारलं की रुग्ण मरणार आहे हे कोणाला माहीत आहे, आणि दुसऱ्याला माहीत आहे हे कोणाला माहीत आहे. त्यावरून चार परिस्थिती दिसल्या. रुग्णाला काहीच माहीत नाही. त्याला संशय आहे. दोघांनाही माहीत आहे पण दोघेही माहीत नसल्यासारखं वागतात. आणि उघड बोलणं आहे. एका परिस्थितीतून दुसरीत जाताना नर्सचं बोलणं, खोलीत थांबण्याची वेळ, नातेवाइकांचे डाव सगळं बदलतं. म्हणजे जाणिवेची परिस्थिती ही कॅटेगरी वागणुकीतला फरक समजावून देते.

तुमच्या "आधारा"त असा फरक समजावणारं काय आहे? आधार कधी ओझं होतो? कोण मोजतं, कोणासमोर? मला तुमचा माल माहीत नाही, म्हणून उत्तर देणार नाही. पण भावनिक, आर्थिक, शारीरिक हे प्रकार मुलाखत न घेताही लिहिता आले असते, ही त्यातली अडचण आहे.

नर्सताई

लागलं, पण पटलं. एक बाई म्हणाली होती, "किडनी मी देणार का, हे कोणी विचारत नाही, म्हणून मीही बोलत नाही." ते मी भावनिक आधारात टाकलं होतं. परत काढते.

अनघा_एमए

ताई, मेमो लिहिला. जसा आला तसा टाकतेय.

"मेमो: टाळणं की मिळवणं? क, घ, च, छ वरून. सुरुवातीला वाटलं की सगळे घरच्यांना टाळतायत. च लग्नाला गेली नाही, ख पारावर बसत नाही, घ फोन बंद ठेवतो. पण घ आठवड्याने स्वतःहून फोन करतो. टाळायचं असतं तर केला नसता. तो फोन करण्याआधी काहीतरी हातात येण्याची वाट बघतो: जाहिरात. क कडे हातात द्यायला 'शेवटची' हा शब्द आहे. छ कडे पैसे. च कडे तारीख. चौघेही घरी काहीतरी देतात आणि त्या बदल्यात आणखी काही महिने मिळवतात. म्हणजे हे टाळणं नसून मुदत मिळवणं आहे का? देणारा कोण? क चा मोठा भाऊ खोलीचं भाडं देतो, तोच विचारतो. छ ला कोणी देत नाही, मग त्याला मुदत कोणाकडून हवी? मुदत किती? क ची एका परीक्षेपुरती. छ ची उघडी, पैसे येत आहेत तोवर. बघायचं: दोन मार्कांनी गेलं, चार मार्कांनी गेलं असं जे सगळे सांगतात, तेही हातात द्यायची वस्तू असेल का? ज आणि झ च्या मुलाखतींत शोधणे. ख आणि ग यात बसत नाहीत. ख काहीच देत नाही, ग ला कोणी मागतच नाही."

शोधलं. झ म्हणतो, "कटऑफपासून दोन मार्क. घरी तेवढंच सांगितलं, मग वडील म्हणाले कर अजून एकदा." ज मुलगी आहे. ती म्हणते, "मुख्य परीक्षेला पात्र झाले म्हणून यंदा स्थळं थांबवलीत." मी हे "लग्न" या गटात ठेवलं होतं, पण इथेही मुदतच आहे ना?

विद्युल्लता

हेच ते मधलं. "मुदत मिळवणे" ला मी आता तात्पुरती कॅटेगरी म्हणेन. तू एकदा नाव ठेवलंस आणि लगेच त्याला प्रश्न विचारायला लागलीस: देणारा कोण, बदल्यात काय, किती काळाची. हे कॅटेगरीचे गुणधर्म आहेत, आणि प्रत्येक गुणधर्माला दोन टोकं आहेत. मुदत एका परीक्षेपुरती ते उघडी. बदल्यात दिलेली गोष्ट नुसता शब्द ते रोख पैसे. देणारा एक माणूस ते सगळं घर. कोणती मुलाखत कुठे बसते ते मांड, म्हणजे रिकाम्या जागा दिसतील.

ज चं वाक्य महत्त्वाचं आहे. मुलीच्या बाबतीत मुदत देणाऱ्यांच्या हातात दुसरं घड्याळ आहे, लग्नाचं. तिथे "दोन मार्कांनी गेलं" चालतं का, की पात्र झाल्याचा कागदच लागतो? हा अंदाज आहे, चुकूही शकतो. पण चुकू शकेल असा अंदाज "ताण" या शब्दातून कधीच निघाला नसता. ताण कोणत्याही प्रबंधात बसतो, म्हणून तो इथे काही सांगत नाही.

आता ख आणि ग. ते बसत नाहीत हे तू स्वतः लिहिलंस. त्यांना "इतर" मध्ये ढकलू नकोस. पुढचा मेमो त्यांच्यावर.

पेठेतला_वाचक

पण हे सगळं माझ्या तक्त्यात बसतंच की. कारण: अपयश. कृती: मुदत मिळवणे. परिणाम: आणखी एक वर्ष. स्ट्रॉस आणि कॉर्बिन यांच्या १९९० च्या पुस्तकात हेच आहे.

विद्युल्लता

बसतं, आणि कृती-परिणाम असे प्रश्न विचारायला तो तक्ता उपयोगाचाही आहे. मी स्वतः वापरलाय. माझी हरकत क्रमाला आहे. रिकाम्या चौकटी आधी समोर आल्या की हात त्या भरायला धावतो. तुम्ही "कारण: अपयश" लिहिलंत, पण छ च्या मुलाखतीत अपयश नाही, तो पहिल्या वर्षापासून पैसे पाठवतोय. चौकट भरली गेली आणि छ गळाला. याच मुद्द्यावर ग्लेसरने १९९२ मध्ये जाहीर मतभेद मांडला होता, की माल साच्यात कोंबला जातो. मी त्याच्याइतकी टोकाला जात नाही. मेमो आधी, तक्ता नंतर तपासणीला, एवढंच म्हणते.

शास्त्रीरोड

मी बरीच वर्षं पुण्यात तयारी करत काढली, पोस्ट निघाली नाही, आता दुसरं काम करतो. वाचून थोडा त्रास झाला. "मुदत मिळवणे" म्हणजे आम्ही घरच्यांशी सौदा करत होतो असं वाटतं. मी सौदा केला नाही. घरी कोणी मागितलंच नव्हतं काही. आणि मुदत घरचे देतात हे अर्धंच खरं आहे. खरी मुदत आयोग देतो. खुल्या प्रवर्गाला राज्यसेवेसाठी ३८ वर्षं, मागासवर्गीयांना ४३. यूपीएससीला खुल्या प्रवर्गात ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न. शिवाय आयोगच परीक्षा पुढे ढकलतो. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची पूर्व परीक्षा आयबीपीएसच्या बँकभरती परीक्षेच्या दिवशीच आली, रस्त्यावर आंदोलन झालं आणि ती पुढे गेली. त्या दिवशी कोणाला घरी फोन करून मुदत मागावी लागली नाही, टीव्हीवरच दिसलं सगळं.

अनघा_एमए

दादा, तुम्हाला दुखवायचं नव्हतं. आणि तुमचा मुद्दा माझ्याकडे कुठेच नाही. आयोगाने दिलेली मुदत असा विचारच मी केला नव्हता. तुमचं हे म्हणणं प्रबंधात वापरू का?

विद्युल्लता

अनघा, तसंच उचलून नको. त्यांनी इथे चर्चेत भाग घेतलाय, तुला मुलाखत दिलेली नाही. त्यांना हवं असेल तर संमतीपत्रासह रीतसर बोल, नाही तर या मुद्द्याचा माग तुझ्याच मुलाखतींत काढ. मेमोमध्ये "बाहेरून सुचलेली शंका" अशी नोंद कर, म्हणजे कल्पना कुठून आली ते तुला पुढे आठवेल.

शास्त्रीरोड, तुम्ही "मागितलंच नव्हतं" म्हणालात, ते मला ग च्या वाक्याच्या फार जवळ वाटतं. "वडील आता विचारतच नाहीत." तिथे देवाणघेवाण नाही. मग तिथे काय आहे?

शास्त्रीरोड

विचारलं असतं तर सोपं गेलं असतं. विचारलं की उत्तर देता येतं. न विचारणाऱ्या माणसाला उत्तर कसं देणार? दिवाळीला घरी गेलो की वडील बाजारातून माझ्या आवडीची भाजी आणायचे. एवढंच. मी दोन दिवसांत परत फिरायचो.

अनघा_एमए

ग आणि ख च्या मुलाखती पुन्हा पूर्ण वाचल्या, पहिल्यांदा कोड न केलेले भागसुद्धा. मग हा मेमो.

"मेमो: न मागितलेली मुदत. ख, ग वरून, क आणि छ शी तुलना. ख च्या मुलाखतीत पुढे आहे: 'घरचे काहीच म्हणत नाहीत. म्हणूनच जड जातं.' ग: 'मागच्या वर्षापर्यंत बाबा विचारायचे, कितवा पेपर कसा गेला. आता नाही.' म्हणजे विचारणं बंद झालं, ते आधीपासून नव्हतं असं नाही. कधी बंद झालं? ग च्या तिसऱ्या निकालानंतर. मुदत आहे, पण तिला तारीख नाही आणि बदल्यात काही घेतलेलं नाही. क ची मुदत संपली की पुन्हा मागता येते, कारण ती बोलून झालेली आहे. ग ची मुदत संपलीय की नाही हे ग ला कळायला मार्गच नाही. म्हणून तो ओळखू पाहतो: आई किती वेळ बोलली, वडील फोनवर आले का. ख तेच गावात करतो. मग 'मिळवणे' हा शब्द फक्त अर्ध्या लोकांना लागू आहे. नवा गुणधर्म: मुदत बोलून ठरलेली की न बोलता चाललेली. बोलून ठरलेली असेल तर माणूस घरी काहीतरी देतो. न बोलता चाललेली असेल तर माणूस समोर येणं कमी करतो आणि खुणा वाचतो. छ? तो पैसे पाठवून स्वतःच बोलणं बंद करतो. म्हणजे न बोलणं दोन बाजूंनी येऊ शकतं. कॅटेगरीचं नाव बदलून 'मुदतीवर राहणे' करून बघणे. आयोगाची वयोमर्यादा, पुढे ढकललेली परीक्षा: ही मुदत घरच्या मुदतीला आधार देते की तिच्याशी भांडते? क म्हणाला होता, 'परीक्षा पुढे गेली तेव्हा बरं वाटलं, घरी काही सांगावं लागलं नाही.' हे मी 'अनिश्चितता' म्हणून कोड केलं होतं."

विद्युल्लता

आता तुझी कॅटेगरी एक दावा करतेय: मुदत बोलून ठरलेली असेल तर एक वागणूक, न बोलता चाललेली असेल तर दुसरी. पहिल्या यादीतले "दबाव", "संवादाचा अभाव", "न्यूनगंड" हे तिन्ही कोड त्यात विरघळले, आणि ते वेगळे का दिसत होते तेही कळलं. न बसणाऱ्या दोन माणसांमुळे नाव बदलावं लागलं, हे मेमोत जसंच्या तसं ठेव. पद्धतीच्या प्रकरणात परीक्षकांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही. जुना मेमो पुसायचा नाही, नवा त्याच्यापुढे जोडायचा.

एक धोकाही सांगते. गेले दोन दिवस सगळंच मुदतीसारखं दिसायला लागलं असेल. अभ्यासिकेतल्या गप्पा, मेस, खोलीतले भांडण, सगळं त्यात कोंबावंसं वाटेल. कशानेही मोडत नाही अशी कॅटेगरी झाली की ती पुन्हा "ताणा"सारखी होते. तुझ्या तीनशे कोडमधले बरेच तिच्याबाहेर राहतील. राहू देत.

पुढच्या मुलाखती आता चिठ्ठ्या टाकून निवडू नकोस. मेमोतले प्रश्न सांगतील कोणाकडे जायचं. मुदत संपली असा एकजण हवा, म्हणजे ज्याने सोडलं. पुण्यातच घरी राहून तयारी करणारी मुलगी हवी, कारण तिला दिसणं टाळताच येत नाही. ती खुणा रोज वाचत असेल की काही वेगळंच करत असेल? आणि शक्य असेल तर नोकरी सांभाळून तयारी करणारा कोणी. तुझ्या परवानगीच्या कागदात "सध्या तयारी करणारे" एवढंच असेल तर सोडलेल्या माणसाला भेटण्याआधी मॅडमकडून दुरुस्ती करून घे. मुलाखतीचे प्रश्नही बदलतील. "घरी शेवटचं कधी कोणी विचारलं, आणि तेव्हा तुम्ही काय सांगितलं" असा प्रश्न आता हवा. "तुम्हाला घरच्यांनी मुदत दिली आहे का" असं मात्र विचारू नकोस, नाही तर सगळे हो म्हणतील.

पेठेतला_वाचक

म्हणजे या तीन धरून बाराच होतात. मी म्हटलं होतं तेच.

विद्युल्लता

आकडा जुळतोय, पण कारण वेगळं आहे. तुम्ही म्हणताय तो अभ्यास २००६ चा. घाना आणि नायजेरियातल्या साठ स्त्रियांच्या मुलाखती त्यात होत्या, आणि बहुतेक कोड पहिल्या बारांत येऊन गेले असं दिसलं. सगळ्या स्त्रिया बऱ्याच सारख्या परिस्थितीतल्या होत्या, प्रश्नही ठरलेले होते, आणि मोजलं ते नवे कोड येणं थांबलं का. अनघाला नवा कोड आला का हे बघायचं नाहीये. "न बोलता चाललेली मुदत" या टोकाला तिच्याकडे दोनच माणसं आहेत, आणि दोघेही मुलगे आहेत. मुलीची मुदत न बोलता चालू शकते का? पुढच्याच मुलाखतीत कळेल किंवा विसाव्या. एमएच्या वेळेत ते पूर्ण होणार नाही, आणि तसं स्पष्ट लिहिलं तर बिघडत नाही. "सॅच्युरेशन झालं" असं सवयीने लिहिलेलं वाक्य मात्र परीक्षक पकडतात.

पेठेतला_वाचक

संख्येचं मान्य. पण माझा एक प्रश्न राहतोच. वयोमर्यादा आणि पुढे ढकललेली परीक्षा ही बाहेरची परिस्थिती आहे. ती "मुदतीवर राहणे" च्या आत गुणधर्म म्हणून घालायची की बाहेर अट म्हणून ठेवायची? माझ्या तक्त्यात ती सरळ संदर्भात जाते.

विद्युल्लता

हा चांगला प्रश्न आहे आणि मला अजून नक्की सांगता येत नाही. क च्या वाक्यावरून वाटतं की आयोगाची मुदत घरच्या मुदतीच्या जागी येऊन बसते, म्हणजे देणाऱ्यांपैकी एक आयोगच. तसं असेल तर ती आत हवी. पण ३७ वर्षांच्या उमेदवाराची मुलाखत नाहीये, तोवर हे अधांतरी आहे. अनघाने सगळे मेमो छापून, कापून जमिनीवर पसरावेत आणि दोन्ही प्रकारे लावून बघावेत. ज्या मांडणीत मेमो एकमेकांना जोडणारी वाक्यं सहज लिहिली जातात, ती मांडणी ठेवावी.

शास्त्रीरोड

माझं अजून एक म्हणणं आहे. "मुदतीवर राहणे" बरं आहे, सौद्याचा वास गेला. पण घर आणि आयोग सोडून आणखी एक मुदत असते, ती स्वतःची. मी सोडलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं नव्हतं आणि वयही उरलं होतं. माझ्या वयाचा रूममेट निघून गेला, खोलीत नवीन पोरगा आला, आणि त्याने मला "सर" म्हटलं. ते तुमच्या कॅटेगरीत कुठे बसतं?

विद्युल्लता

आत्ता कुठेच नाही. कदाचित बसणारही नाही. सोडण्याचा क्षण ही वेगळी कॅटेगरी निघाली तर एमएपुरती ती बाजूला ठेवावी लागेल.

अनघा_एमए

मॅडमशी बोलले. परवानगीच्या कागदात "सध्या तयारी करणारे किंवा तयारी सोडलेले" अशी दुरुस्ती करायला त्या तयार आहेत. पहिली भेट घरीच राहून तयारी करणाऱ्या मुलीची ठरलीय, पण बोलायचं कुठे हा पेच आहे, कारण घरी आई शेजारच्या खोलीत असणार. तिला वाचनालयात बोलावतेय.

शास्त्रीरोडदादा, कागद झाला की तुम्हाला वेगळा निरोप पाठवते. नाही म्हणालात तरी चालेल. सोडलेला दुसरा कोणी मिळाला तर रूममेट कधी बदलले हे त्याला विचारणार आहे, आणि तुमचं उदाहरण न सांगता विचारणार आहे.

नर्सताई

मी "आधार" हा गट फोडला. किडनीबद्दल न बोलणाऱ्या बाईसारख्या आणखी चार जागा सापडल्या, सगळ्या वेगवेगळ्या उपगटांत पडलेल्या. एका घरात रुग्ण स्वतःच विषय बदलतो, एका घरात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि त्यानंतर दोन भाऊ डायलिसिसला यायचे बंद झाले. पहिला मेमो चाललाय. वेगळा धागा काढू की इथेच टाकू?

विद्युल्लता

वेगळा काढा ताई, मी येते. आणि भाऊ यायचे बंद झाले ती घटना आधी लिहा, तिथूनच सुरुवात करू.